हडपसरची गाडी आणि तेवीसशे माणसं

माझ्या कंपनीत, खराडीला, पुण्यातल्या सगळ्या कर्मचाऱ्यांची मिळून एक मेलिंग लिस्ट आहे: all-pune. त्यावर साधारण तेवीसशे नावं. कॅंटीनचा मेन्यू, लिफ्ट बंद, कुणाची तरी हरवलेली छत्री, सगळं त्या एकाच पत्त्यावर येतं. मी खरेदी विभागात आहे, चौदा वर्षं झाली, आणि त्या चौदा वर्षांत मी या लिस्टवर एकदाच मेल पाठवलाय. त्या एका मेलला मला जवळजवळ तीन तास लागले.

पालख्या पुण्यातून पुढे निघायच्या होत्या, त्याच्या आदल्या दिवशीची, बुधवारची गोष्ट. चार वाजून दहा मिनिटांनी ट्रान्सपोर्ट डेस्कचा मेल आला. गुरुवारी पालखीमुळे कोथरूड, सिंहगड रोड आणि स्वारगेटच्या गाड्यांच्या वेळा बदलल्या आहेत, बाकीच्या मार्गांवर बदल नाही, हडपसरची गाडी नेहमीप्रमाणे सव्वासातला गाडीतळावरून सुटेल. मी वाचलं आणि पुन्हा वाचलं. पुण्यात राहणाऱ्याला हे सांगावं लागू नये, पण निघण्याच्या दिवशी दोन्ही पालख्या हडपसरलाच येतात, आणि गाडीतळापाशी वेगळ्या होतात. माउली सासवडकडे, दिवे घाटाच्या दिशेने, आणि तुकोबा सोलापूर रस्त्याने लोणी काळभोरला. म्हणजे अख्ख्या शहरात त्या सकाळी जिथे गाडी उभी करता येणार नाही अशी एकच जागा निवडायची झाली, तर ती गाडीतळ. आणि त्या गाडीने मी जाते.

मी रिप्लाय ऑल दाबलं आणि लिहायला बसले.

साडेपाचपर्यंत मसुदा तयार होता. आमचे मेल इंग्रजीत असतात, तोही होता; शब्दमोजणी केली तेव्हा तीनशे दहा भरले. त्यात पहिला परिच्छेद नम्र होता. दुसऱ्यात पालखीचा मार्ग समजावून सांगितलेला. तिसऱ्यात, दरवर्षी हाच घोळ होतो, मागच्या वर्षीही गाडी पुलाखाली पाऊण तास अडकली होती, हे. चौथ्यात एक सूचना: मार्ग बदलले की प्रत्येक मार्गाच्या लोकांना वेगळं कळवा. पाचव्यात मी एक टोमणा मारला होता, तो खाली सांगते. शेवटी वर्तमानपत्रातल्या बंद रस्त्यांच्या नकाशाचा फोटो जोडला होता, ३.६ एमबीचा.

टोमणा कुणाला? तर मधल्या तासाभरात त्या मेलवर अकरा उत्तरं येऊन गेली होती, सगळी सगळ्यांना. दोघांनी ‘नोटेड’ लिहिलं होतं. एकाने ‘वाकडच्या गाडीचं काय?’ विचारलं होतं. एक बाई कोथरूडच्या नव्या वेळेबद्दल आभार मानत होत्या. मग एकाने लिहिलं, ‘कृपया सर्वांना उत्तर देऊ नका’, आणि ते सर्वांनाच पाठवलं. त्याला तिघांनी ‘+१’ केलं. तेही सर्वांना. माझ्या पाचव्या परिच्छेदात या लोकांना मी अगदी गोड शब्दांत शहाणपण शिकवलं होतं, आणि ते वाक्य मला स्वतःला फार आवडलं होतं.

शेजारच्या टेबलावर आमचे अकाउंट्सचे काका बसतात. निवृत्तीला दोन वर्षं राहिलीत. ते डबा आवरत होते, मी म्हटलं, काका, जरा हे वाचून बघा, पाठवू का?

त्यांनी चष्मा वर केला आणि स्क्रीनकडे न बघताच विचारलं, “हा वाचून उद्या सकाळी किती लोक काही वेगळं करणार?”

“म्हणजे?”

“म्हणजे कोथरूडचा माणूस हे वाचून काय करणार आहे?”

काही नाही. वाकडचाही काही करणार नव्हता. हडपसरच्या गाडीत आम्ही सेहेचाळीस जण. तेवीसशेतले सेहेचाळीस, म्हणजे शंभरातले दोन. काकांनी लगेच हिशोब मांडला, कारण त्यांना हिशोबाशिवाय राहवत नाही: तीनशे शब्द नीट वाचायला मिनिटभर तरी लागतो, पण समजा कुणी वाचतच नाही, नुसतं उघडून बंद करतो, वीस सेकंदं धर. तेवीसशे गुणिले वीस, सेहेचाळीस हजार सेकंदं. पावणेतेरा तास. “तुझ्या टोमण्यासाठी कंपनीने दीड माणूसदिवस दिला,” म्हणाले. नकाशाचं तर त्याहून वाईट होतं. जोडलेली फाइल प्रत्येकाच्या मेलबॉक्सात वेगळी जाऊन बसते. ३.६ एमबी, तेवीसशे प्रती, आठ जीबीच्या वर. एका फोटोपायी.

तर मग उत्तर फक्त ट्रान्सपोर्ट डेस्कला द्यायचं, त्यांनी सगळ्यांना दुरुस्ती पाठवायची. ही सरळ वाट होती, आणि दहातल्या नऊ वेळा तीच बरोबर असते. चूक ज्याने पाठवली त्यानेच दुरुस्ती पाठवली की लोकांना कुणावर विश्वास ठेवायचा हा प्रश्न पडत नाही. मी डेस्कला तीन ओळी लिहिल्या, आणि खाली त्यांना जशीच्या तशी पुढे पाठवता येईल अशी दुरुस्तीही लिहून दिली. हे मी मुद्दाम करते. नुसतं ‘चूक आहे’ असं कळवलं की समोरचा माणूस उद्या बघू म्हणतो. मजकूर तयार मिळाला की तो चिकटवून मोकळा होतो.

पण उत्तर आलं ते स्वयंचलित. डेस्क सकाळी नऊ ते साडेपाच. साडेपाच होऊन सात मिनिटं झाली होती. फोन वाजत राहिला. तिथल्या साहेबांचा मोबाइल बंद. आणि गाडी सकाळी सव्वासातची.

मग मी ड्रायव्हरला फोन केला. आधी करायला हवा होता, खरं तर. तो म्हणाला, “मॅडम, मला कंत्राटदारानं दुपारीच सांगितलंय, गाडीतळाला येऊच देणार नाहीत. मुंढवा चौकातून साडेसातला निघायचं. तुम्हाला मेल आला नाही का?” म्हणजे निर्णय झाला होता, बातमीच कुठेतरी अडकली होती. या फोनमुळे माझ्या मेलचा मूळ सूरच बदलला. तोवर मी ‘तुमचं चुकलंय’ सांगणार होते. आता मला ‘गाडी कुठून सुटेल’ हे सांगता येत होतं, आणि फक्त तेवढंच सांगायचं होतं.

पाठवायचं कुणाला, हा पुढचा प्रश्न. प्रत्येक मार्गाची एक छोटी लिस्ट असते, हडपसरचीही आहे. मी तिथे पाठवलं, आणि अर्ध्या मिनिटात परत आलं: या गटाला मेल पाठवायची तुम्हाला परवानगी नाही. ती लिस्ट फक्त डेस्कला उघडी आहे. गंमत बघा, सेहेचाळीस लोकांची लिस्ट कुलूपबंद, आणि तेवीसशे लोकांची सताड उघडी. बहुतेक ऑफिसांत असंच असतं असा माझा अंदाज आहे, कारण मोठी लिस्ट कुणीतरी पहिल्या वर्षी घाईत बनवलेली असते.

मग मला वाटलं, मोठी लिस्ट उघडून त्यातून आपले सेहेचाळीस वेचून काढू. आउटलुकमध्ये लिस्टच्या नावाच्या डाव्या अंगाला एक छोटी अधिकची खूण असते. मी ती दाबली. एक चौकट आली, त्यात लिहिलं होतं की लिस्टच्या जागी तिच्यातली माणसं येतील आणि ती पुन्हा मिटता येणार नाही. मी न वाचता ओके केलं. पत्त्याच्या रकान्यात नावांचा पूर आला. आडनावं, आडनावं, स्क्रोल करत राहिले तरी संपेनात. अशा मेलचा धोका वेगळाच असतो. तो गेला की तेवीसशे पत्ते प्रत्येकाच्या स्क्रीनवर उघडे पडतात, आणि कुणी उत्तर दिलं तर ते लिस्टला न जाता एकेका माणसाला जातं. नंतर आयटीवाल्यांनी लिस्ट बंद केली तरी तो पूर थांबत नाही, कारण त्यात लिस्टच उरलेली नसते. मसुदा जतन न करता बंद केला. नुसतं कोण आहे ते बघायचं असेल तर नावावर दोनदा क्लिक केलं की सदस्यांची यादी वेगळ्या खिडकीत उघडते, हे मला आयटीतल्या एका मुलाने तेव्हा दाखवलं. तो बिचारा घरी निघाला होता, बॅग खांद्याला, मीच हाक मारून थांबवला.

त्याला मी सगळं सांगितलं. तो म्हणाला, “ताई, पाठवा all-pune ला, हरकत नाही. पण त्या थ्रेडवर नको.”

याचं कारण मला आधी कळलं नाही. त्याने स्वतःच्या फोनवर दाखवलं. त्या अकरा उत्तरांना वैतागून त्याने ते संभाषण ‘इग्नोर’ केलं होतं. आउटलुकात असं केलं की त्या संभाषणात पुढे येणारा प्रत्येक मेल आपोआप डिलिटेड आयटम्समध्ये जातो. म्हणजे माझी दुरुस्ती त्याच धाग्यात गेली असती, तर ज्या ज्या शहाण्या माणसाने आवाज बंद केला होता त्याच्या कचऱ्यात जाऊन पडली असती. आणि अकरा उत्तरांनंतर असे किती असतील? रिप्लाय ऑलचं खरं नुकसान मला तिथे समजलं. आठ जीबी आणि पावणेतेरा तास ठीक आहे, पण ‘नोटेड’ लिहिणाऱ्याने माझा निरोप पोचायचा रस्ताच बंद करून टाकला होता.

मग त्याने मला मेलचा सांगाडा करून दिला. मेल नवा, विषय नवा. ‘टू’मध्ये फक्त ट्रान्सपोर्ट डेस्क. all-pune बीसीसीमध्ये. बीसीसीत लिस्ट ठेवली की मेल सगळ्यांना पोचतो, पण कुणी रिप्लाय ऑल दाबलं तरी उत्तर फक्त मला आणि डेस्कला येतं. लिस्टचा पत्ता त्यांच्या मेलमध्ये दिसतच नाही, त्यामुळे वादळ उठायला जागा राहत नाही. एक फायदा आणखी. बऱ्याच जणांनी all-pune चे मेल आपोआप एका फोल्डरात टाकायचा नियम लावलेला असतो, आणि ते फोल्डर महिन्यातून एकदा उघडतात. तो नियम ‘टू’ आणि ‘सीसी’ बघतो. लिस्ट बीसीसीत असली की नियम तिला ओळखत नाही, मेल थेट इनबॉक्सात येतो. रोज वापरली तर ही लबाडी आहे. एका सकाळच्या गाडीसाठी चालते.

मी विचारलं, एवढ्या लोकांनी उत्तरं दिली तर सर्व्हर थांबवत नाही का? तो हसला. मायक्रोसॉफ्टने २०२० मध्ये असं संरक्षण आणलं होतं, पण सुरुवातीला ते पाच हजारांहून मोठ्या लिस्टवर तासाभरात दहा रिप्लाय ऑल झाले तरच जागं व्हायचं. तेवीसशेच्या लिस्टला त्याने काय केलं असतं? मग त्याने त्यांच्या धंद्यातली जुनी गोष्ट सांगितली. १९९७ साली मायक्रोसॉफ्टच्याच आत बेडलम डीएल३ नावाच्या एका लिस्टवर सुमारे तेरा हजार नावं होती. कुणीतरी विचारलं, मी या लिस्टवर का आहे, मला काढा. बाकीच्यांनी सर्वांना उत्तर दिलं, ‘मलाही’. दीड कोटी मेल फिरले म्हणतात. मला त्यात विशेष वाटलं ते हे, की ते करणारी माणसं मेलचा सॉफ्टवेअर बनवणाऱ्या कंपनीची होती. आमच्या ‘+१’ वाल्यांवरचा माझा राग तिथे बराच उतरला.

आता मसुदा. तीनशे दहा शब्द समोर होते. मी प्रत्येक परिच्छेदाला काकांचा प्रश्न विचारत गेले, आणि गंमत म्हणजे फेकून द्यावं असं फार कमी निघालं. बहुतेक गोष्टींचा पत्ता चुकला होता, इतकंच. मागच्या वर्षी गाडी अडकली होती ही तक्रार खरी होती, पण तिचा धनी ट्रान्सपोर्टचा मॅनेजर. ती मी वेगळ्या मेलमध्ये त्याला एकट्याला लिहिली, तारखेसह. मार्गानुसार कळवण्याची सूचना अॅडमिनच्या महिन्याच्या बैठकीसाठी वहीत टिपून ठेवली. पालखीचा मार्ग समजावणारा परिच्छेद काढला, हडपसरच्या माणसाला मी काय पालखीचा मार्ग शिकवणार. नकाशाचा फोटो काढला. नमस्कारानंतरचं ‘आशा आहे आपण सर्व कुशल असाल’ काढलं. सहीखालचा कंपनीचा लोगो आणि पाच ओळींची कायदेशीर सूचना, तेही त्या मेलपुरतं काढलं, कारण फोनवर उघडणाऱ्याला आधी तेच दिसतं. टोमणा मात्र जिवावर आला. दोनदा कापून दोनदा परत चिकटवला. शेवटी काकांनीच डिलीट दाबलं.

उरलं ते साधारण असं, मराठीत करून देते:

विषय: हडपसर गाडी, गुरुवार सकाळ: गाडीतळाऐवजी मुंढवा चौक, ७:३०

हा मेल फक्त हडपसर गाडीच्या प्रवाशांसाठी आहे. बाकीच्यांनी पुढे वाचू नये.
गुरुवारी पालखीमुळे गाडी गाडीतळावर येणार नाही. मुंढवा चौकातून सकाळी ७:३० ला सुटेल. परतीच्या वेळेत बदल नाही.
ही माहिती मी गाडीच्या ड्रायव्हरशी संध्याकाळी फोनवर बोलून देत आहे. ट्रान्सपोर्ट डेस्क बंद आहे, त्यांच्याकडून वेगळा मेल आल्यास तो अंतिम मानावा.
शंका असल्यास मला फोन करा. उत्तराची गरज नाही.

यात दोन गोष्टींवर मी अडले होते. पहिल्या मसुद्यात ‘उद्या’ लिहिलं होतं. आमच्याकडे रात्रपाळी आहे. मेल रात्री बारानंतर उघडणाऱ्याचा उद्या शुक्रवार असतो. म्हणून वार लिहिला. दुसरं म्हणजे ते ड्रायव्हरवालं वाक्य. ते लांबलं होतं आणि छाटावंसं वाटत होतं, पण मी ट्रान्सपोर्टची माणूस नाही. खरेदीवाली बाई उठून गाडीचा थांबा बदलते म्हटल्यावर लोकांनी विचारलंच असतं की तुम्हाला कुणी सांगितलं, आणि तो प्रश्न सेहेचाळीस वेळा आला असता. काही वाक्यं लांब राहू द्यावी लागतात.

सात वाजता पाठवला. पाठवल्यावर लक्षात आलं की बीसीसीबद्दल एक ओळ घालायला हवी होती. मेलच्या ‘टू’मध्ये फक्त डेस्क दिसत होतं, त्यामुळे चौघांना वाटलं की मी त्यांना एकट्यांना काहीतरी गुप्त पाठवलंय. ‘मला का?’ असा एक मेल आला, कोथरूडहून. ‘चुकून आला का?’ असे दोन. एका टेस्टिंगच्या मुलीने थेट फोन केला, “मॅडम, तुम्ही मला हडपसरच्या गाडीत टाकलंय का?” वर ‘बीसीसी: all-pune’ एवढं लिहिलं असतं तर हे टळलं असतं. पण चारही उत्तरं माझ्याकडेच आली. लिस्टवर एकही नाही.

हे सगळं वाचून रिप्लाय ऑल कधीच करू नये असं कुणाला वाटलं तर तेही खरं नाही. त्याच पावसाळ्यात माझ्याच विभागात उलटा घोळ झाला. एका पुरवठादाराचे दर बदलले, तो मेल नऊ जणांना होता: मी, माझे साहेब, स्टोअर, अकाउंट्स, प्रॉडक्शनचे दोघे वगैरे. साहेबांनी मान्यतेचं उत्तर दिलं ते फक्त मला, कुणाला त्रास नको म्हणून. स्टोअरच्या माणसाने जुन्या दराने मागणीपत्रक काढलं आणि ते दुरुस्त करायला काकांना आणि मला अख्खी दुपार लागली. त्या नऊ जणांपैकी प्रत्येकजण ते उत्तर वाचून काहीतरी वेगळं करणार होता. तिथे एकाला वगळणं म्हणजे कामच अर्धं ठेवणं.

गुरुवारी सकाळी मुंढवा चौकात आम्ही एकेचाळीस जण होतो. मी मोजले. दोघं रजेवर होते, एकजण घरून काम करणार होता. उरलेले दोघं गाडीतळाला उभे होते, टाळमृदंगाच्या मधोमध, आणि त्यातल्या एकाने साडेसातला मला फोन करून “मॅडम, गाडी कुठाय, इथं तर माउली आल्यात” असं ओरडून विचारलं. त्याने मेल उघडलाच नव्हता. वेळापत्रक त्याला आदल्या दिवशी कुणाच्या तरी तोंडून कळलं होतं.

डेस्कचा अधिकृत मेल दहा वाजून चाळीस मिनिटांनी आला. माझ्या सात वाजताच्या मेलचा मजकूर त्यांनी जसाच्या तसा वापरला होता, ‘गाडी ७:३० ला सुटेल’ याच्यासकट, all-pune ला, ‘टू’मध्ये. तीन मिनिटांत पहिलं ‘नोटेड’ आलं.